चाळीस हजारांना तेवीस, चाळीस लाखांना साडेआठ

बँकिंग अँड इन्शुरन्सच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे आमच्या भाषेत टीवायबीबीआयला, मी दरवर्षी एक प्रश्न हमखास देतो: छोट्या कर्जदाराला व्याज जास्त का पडतं? साठांपैकी पन्नास पेपरांत उत्तर एकच असतं. गरिबांची कर्जं बुडतात, जोखीम जास्त, म्हणून दर जास्त. मी निम्मे मार्क देतो. मुलं भांडायला येतात, कारण गाइडमध्ये तेच छापलेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी मात्र भांडायला आली नाही, आईचं लोन कार्ड घेऊन आली. ग्रुप लोन, 40,000 रुपये, 24 महिने, दर 23 टक्के, महिन्याचा हप्ता 2,095. घडी घालून घालून कार्डाच्या मधोमध फाटायला आलेलं. ती म्हणाली, "सर, आईने एकही हप्ता चुकवला नाही. मग कुणाच्या बुडण्याचे पैसे ती भरतेय? आणि काकांनी पनवेलला फ्लॅट घेतला, चाळीस लाखांचं कर्ज काढलं, त्यांना साडेआठ टक्के. ते काय जास्त प्रामाणिक आहेत?"

पुढचे प्रश्न त्या कार्डावरूनच तयार झाले. कर्ज, मुदत आणि दर कार्डावरचे. संस्थेचा खर्च, बुडीत आणि नफ्याचे आकडे मात्र मी वर्गात हिशोब करता यावा म्हणून धरलेले आहेत. ते प्रत्येक संस्थेचे वेगळे असतात, पण हिशोबाची रीत हीच.

पहिला प्रश्न: हजार माणसांचा विमा काढणारा बुडतो आणि दहा लाखांचा काढणारा तरतो, असं का?

विम्यापासून सुरुवात करायचं कारण म्हणजे, जोखीम वाटून घेणं तिथे उघडं दिसतं. समजा दर हजार माणसांमागे वर्षाला 2 मृत्यू होतात. प्रत्येकाकडून 400 रुपये घ्यायचे आणि मृत्यू झाला तर घरच्यांना 2 लाख द्यायचे. हजार जणांचे जमले 4 लाख, दोन दावे दिले 4 लाख. कागदावर हिशोब चोख.

पण "हजारात दोन" ही सरासरी आहे, दरवर्षी बरोबर दोनच जातील असा करार यमाशी झालेला नसतो. एखाद्या वर्षी कुणीच जाणार नाही, एखाद्या वर्षी पाच जातील. संभाव्यतेचं गणित मांडलं तर पाच किंवा त्याहून जास्त मृत्यूंचं वर्ष साधारण वीसातून एकदा येतं. त्या वर्षी द्यायचे 10 लाख आणि गल्ल्यात 4 लाख. योजना तिथेच संपली.

आता तेच 10 लाख माणसांसाठी करा. अपेक्षित मृत्यू 2,000. चढउतार इथेही आहे, पण तो माणसांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही, तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 2,000 चं वर्गमूळ सुमारे 45. म्हणजे बहुतेक वर्षी मृत्यू 1,910 ते 2,090 च्या दरम्यान राहतील. साडेचार टक्के इकडे किंवा तिकडे. थोडी गंगाजळी ठेवली की काम भागतं. हजारांच्या गटात कोण कधी जाईल याचा भरवसा नव्हता, दहा लाखांच्या गटातही नाही. पण किती जातील, हे आता सांगता येतं.

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना याच रांगेतली. बचत खात्यातून वर्षाला 436 रुपये कापले जातात आणि कव्हर 2 लाखांचं. 2022 पर्यंत हेच 330 होते. दाव्यांची रक्कम हप्त्याला झेपेना, म्हणून वाढवले. यात 18 वर्षांच्या मुलाला आणि 50 वर्षांच्या माणसाला हप्ता सारखाच. मुलगा पन्नाशीच्या माणसाचा भार उचलतो आणि 436 रुपयांसाठी तो कुरकुर करत नाही.

कुरकुर सुरू होते ती वेगळ्या ठिकाणी. हप्ता सगळ्यांना सारखा असेल तर ज्याला डॉक्टरांनी नुकतंच काही सांगितलंय तो आधी धावत येतो. म्हणून योजनेत नव्याने आलेल्याला पहिले 30 दिवस अपघात सोडून इतर कारणाच्या मृत्यूसाठी कव्हर मिळत नाही. पुस्तकात याला प्रतिकूल निवड म्हणतात. शब्द विसरलात तरी चालेल, पण ही 30 दिवसांची अट कशासाठी आहे ते लक्षात ठेवा, कारण तोच माणूस पुढे कर्जाच्या रांगेतही भेटणार आहे.

दुसरा प्रश्न: आईने वर्षाला भरलेल्या व्याजाची वाटणी करून दाखवा.

आधी व्याज किती ते काढू. 2,095 चे 24 हप्ते म्हणजे 50,280. त्यातून मुद्दल 40,000 वजा केलं की 10,280 व्याज, म्हणजे वर्षाला सरासरी 5,140. इथे मुलं पहिली चूक करतात. 5,140 ला 40,000 ने भागून म्हणतात, हे तर तेराच टक्के! पण आईकडे पूर्ण 40,000 फक्त पहिला महिनाभर होते. कार्डावर पहिल्या हप्त्यात व्याज 767 आणि मुद्दल 1,328 आहे, तर शेवटच्या हप्त्यात व्याज चाळीस रुपयांच्या आत. मुद्दल महिन्यागणिक उतरत जातं, आणि दोन वर्षांची सरासरी काढली तर तिच्याकडे संस्थेचे सुमारे 22,350 रुपयेच होते. 5,140 ला 22,350 ने भागा, 23 टक्के येतील. जो सावकार किंवा दुकानदार "फ्लॅट तेरा टक्के" सांगतो, तो याच चुकीवर जगतो.

आता वाटणी. 5,140 मधला पहिला वाटा संस्थेला पैसे पुरवणाऱ्याचा. ही मायक्रोफायनान्स, म्हणजे विनातारण छोटी कर्जं देणारी कंपनी आहे, तिला लोकांच्या ठेवी घ्यायची परवानगी नाही. ती बँकेकडून कर्ज काढते आणि ते पुढे वाटते. तिला 11 टक्क्यांनी पैसा मिळतो असं धरू. 22,350 वर 11 टक्के म्हणजे 2,460 रुपये. जवळजवळ निम्मं व्याज इथेच गेलं.

काकांची बँक हाच पैसा लोकांच्या बचत आणि मुदत ठेवींतून उभा करते, सरासरी साडेसहा टक्क्यांना धरू. आणि गंमत बघा, त्याच बँकेत आईचंही बचत खातं आहे. त्यातल्या शिलकीवर तिला अडीच-तीन टक्के मिळतात. तोच पैसा बँक कंपनीला देते, कंपनी आईला देते, आणि प्रत्येक जण मधे आपला वाटा काढतो. भाजी शेतातून बाजार समितीत आणि तिथून गाडीवर यावी तसं.

दुसरा वाटा खर्चाचा, आणि माझ्या मते सगळं उत्तर इथे दडलेलं आहे.

फील्ड ऑफिसरचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी सातला तो मोटारसायकल काढतो, कारण बायका शेतावर किंवा कामावर जायच्या आत केंद्र सभा उरकायची असते. कुणाच्या तरी ओसरीवर वीस-पंचवीस जणी बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात कार्ड. तो एकेकीचं कार्ड बघतो, नोटा मोजतो, मोबाइलवर नोंद करतो, सही करतो. एक जण आलेली नसते, तिच्या गटातल्या बाकीच्या चौघींना विचारणा होते, कुणीतरी तिच्या घरी जाऊन येतं. मग पुढचं गाव. दुपारी रोकड शाखेत जमा. संध्याकाळी नव्या अर्जदारांच्या घरी भेट: चूल, छप्पर, दुभतं जनावर, नवऱ्याचं काम.

असा एक माणूस समजा 400 जणींना सांभाळतो आणि त्याचा पगार, पेट्रोल, फोन मिळून महिन्याला 30,000 लागतात. एका बाईमागे महिन्याला 75, वर्षाला 900. शाखेचं भाडं, मॅनेजर, क्रेडिट ब्युरोची चौकशी, मुख्य कचेरी यांचे आणखी 500 धरले तर 1,400 रुपये. आईच्या 22,350 वर हे सव्वासहा टक्के झाले.

काकांच्या कर्जाला बँकेने वर्षाला 10,000 खर्च केला असं धरा, म्हणजे सातपट. तरी चाळीस लाखांवर तो पाव टक्काच होतो. काकांचा 34,700 चा हप्ता दर महिन्याला खात्यातून आपोआप जातो, त्यासाठी कुणी मोटारसायकल काढत नाही. पहिल्या वर्षी काका एकूण व्याज सुमारे 3 लाख 37 हजार भरतात. म्हणजे रुपयांत पाहिलं तर ते आईच्या कितीतरी पट देतात, फक्त टक्क्यांत कमी.

एक साधी उपमा मी वर्गात देतो. स्टेशनपासून रिक्षाचं किमान भाडं एक माणूस बसला तरी तेच आणि तीन बसले तरी तेच. एकटा बसणारा म्हणतो, मला तिप्पट पडलं. रिक्षावाल्याने त्याला लुटलं का? नाही. पण शेअर रिक्षा कुठे मिळते हे त्याला माहीत नसेल, तर तो रोज तिप्पटच देत राहणार.

तिसरा वाटा बुडिताचा. शंभरातल्या तिघींचं मुद्दल बुडतं असं धरू. 22,350 चे 3 टक्के म्हणजे 670. पण त्या तिघींचं व्याजही आलं नाही, ते आणखी दीडशेच्या वर. एकूण सुमारे 825. इथे पेपरातली दुसरी चूक: बुडीत 3 टक्के म्हणून दरात 3 टक्के मिळवतात. मिळवावे लागतात पावणेचार, कारण जे बुडालं त्याचं मुद्दल आणि व्याज दोन्ही उरलेल्या 97 जणींकडून काढायचं असतं. "आई कुणाच्या बुडण्याचे पैसे भरते?" याचं नेमकं उत्तर हे: त्या तिघींचे, वर्षाला सुमारे 825 रुपये. विम्यात जसा अठरा वर्षांचा मुलगा भरतो तसेच. फक्त मुलाला त्या बदल्यात कव्हर मिळतं आणि आईला काही मिळत नाही.

उरले 450 च्या आसपास, तो संस्थेचा नफा, दोन टक्के.

आता दोन्ही कर्जं शेजारी ठेवा. आईचे 23 आणि काकांचे साडेआठ, फरक साडेचौदा टक्क्यांचा. त्यातला साडेचारचा फरक पैसा महाग मिळाल्याचा, सहाचा खर्चाचा, साडेतीनचा बुडिताचा आणि अर्ध्याचा नफ्याचा. काकांचं बुडीत कमी, कारण फ्लॅट गहाण आहे, नाही भरलं तर बँक तो विकेल. म्हणजे "गरिबांची कर्जं बुडतात" हे उत्तर खोटं नाही. ते साडेचौदापैकी साडेतीनाचं उत्तर आहे, पावाचं. मी निम्मे मार्क देतो, ते खरं तर जास्तच होतात.

याची पडताळणी करायची असेल तर बचत गटाकडे बघा. गावात लोक ग्रुप लोनलाही बचत गटच म्हणतात, पण दोन्ही वेगळे. बचत गटाच्या बायका आधी स्वतः महिना शंभर-दोनशे टाकून बचत करतात, आपसांत कर्ज देतात, वही स्वतः लिहितात, आणि मग बँक एकाच खात्यावर सगळ्या गटाला कर्ज देते. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, म्हणजे आपल्याकडच्या उमेदमध्ये, असं कर्ज 3 लाखांपर्यंत 7 टक्क्यांनी मिळतं. त्यातला काही भार सरकार व्याज सवलतीतून उचलतं, हे खरं. पण बायका त्याच, गाव तेच, गहाण काही नाही. कमी झालं ते दोन ठिकाणी: मधली कंपनी गेली, आणि फील्ड ऑफिसरचं काम गटाच्या सचिव बाईंनी फुकट केलं. वही लिहिणाऱ्या त्या बाईंची मजुरी कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

हे सगळं झालं 23 टक्के हाच खरा दर आहे असं मानून. पण त्या मुलीला मी विचारलं, आईच्या हातात किती आले? ती म्हणाली, 38,500. प्रोसेसिंग फी, त्यावरचा जीएसटी आणि आई-वडिलांच्या विम्याचा हप्ता मिळून 1,500 आधीच कापले होते. हप्ता मात्र 40,000 वरच. हातात आलेले 38,500 आणि जाणारे 2,095 चे 24 हप्ते, यावर दर काढला तर तो 27 टक्क्यांवर जातो. पंधराशे रुपयांनी चार टक्के वाढले! हे आपल्याला मोबाइलवरही तपासता येतं. कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे टाका:

```
=RATE(24,-2095,38500)*12
```

38500 च्या जागी 40000 घाला, 0.23 म्हणजे 23 टक्के दिसतील. म्हणून 2024 पासून रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या मुख्य तथ्य पत्रकात वार्षिक टक्केवारी दर छापायला लावलाय, आणि त्यात कर्जासोबत वसूल केलेला विम्याचा हप्ताही धरावा लागतो. जाहिरातीतला दर वाचू नका, हा आकडा वाचा. विमा वाईट नाही. कर्ता माणूस गेला तर कर्ज फिटतं, आणि फेडणाऱ्यांच्या डोक्यावरचं बुडीतही कमी होतं. पण तो कुणाच्या फायद्याचा किती, हे पत्रक न वाचता कळत नाही.

तिसरा प्रश्न: मग दरावर मर्यादा घातली तर?

वर्गात हात सगळ्यात जास्त इथे वर जातात. "सर, सरकारने 18 टक्क्यांच्या वर घेऊच देऊ नये." ठीक आहे, घालू.

आपल्याकडे 18 चा आकडा नवा नाही. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्ज 18 टक्क्यांपेक्षा जास्त दराने देता येत नाही. तारण असेल तर 15, शेतकऱ्याला तारणासह 9 आणि विनातारण 12. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या कंपन्यांना हा कायदा लागू नाही. आता तुम्हीच सांगा, गावात दहा हजार रुपये कुणी 12 टक्क्यांनी देतं का? शेकडा तीन, शेकडा पाच महिना, हाच दर ऐकू येतो, आणि पाच महिना म्हणजे वर्षाला साठ. कायद्यातला दर आणि ओट्यावरचा दर यांची भेटच होत नाही.

पण मायक्रोफायनान्स कंपनी कायद्याबाहेर जाणार नाही. ती काय करेल? हिशोब करून पाहू. 100 रुपये 18 टक्क्यांनी दिले, तिघी बुडाल्या, तर हातात 97 जणींचे 114.50 च्या जवळपास येतात. त्यातले 11 पैशाचे गेले, 100 मुद्दल. उरले साडेतीन. नफा अर्धा करून एक टक्का ठेवला तर खर्चाला अडीच टक्के. पण एका बाईमागचा खर्च 1,400 च आहे, मोटारसायकल तेवढीच धावते. 1,400 हे अडीच टक्के व्हायचे असतील तर सरासरी शिल्लक 56,000 च्या वर हवी, म्हणजे मूळ कर्ज एक लाखाच्या आसपास.

म्हणजे कंपनी दर 18 करेल आणि 40,000 वाल्या बाईला "ताई, तुमचं बसत नाही" म्हणेल, किंवा तिला पेलवणार नाही असं लाखाचं कर्ज गळ्यात घालेल. मर्यादा दराला घातली आणि परिणाम कर्जाच्या आकारावर झाला. जी बाई वाचवायची होती, तीच रांगेतून बाहेर गेली. बाहेर शेकडा पाचवाला उभाच आहे.

यातला दुसरा गुंता प्रतिकूल निवडीचा, तो 30 दिवसांवाला माणूस. दर वाढवत नेला की सरळ हिशोबाने फेडणारी बाई आधी निघून जाते, कारण तिला परवडत नाही. 40 टक्के कबूल करून कोण राहतं? ज्याला फेडायचंच नाहीये किंवा ज्याला दुसरं कुणी उभं करत नाही. म्हणजे एका पातळीपुढे दर वाढवून बुडीत भरून निघत नाही, उलट वाढतं. जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस यांनी 1981 साली हे गणितात मांडलं. म्हणून सावध धनको दर चढवत बसत नाही, अर्जच नाकारतो. छोट्या कर्जदाराला महाग मिळतं असं आपण म्हणतो, पण त्याच्यासारख्याच कित्येकांना मिळतच नाही, आणि ते आपल्या आकड्यांत कुठे येत नाहीत.

मर्यादा घालणं आणि काढणं, आपल्या देशात दोन्ही गोष्टी करून झाल्यात. ऑक्टोबर 2010 मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मायक्रोफायनान्सवर वटहुकूम काढला. जबरी वसुलीच्या तक्रारी आणि आत्महत्यांच्या बातम्या, कारणं खरी होती. पण त्यानंतर राज्यभर हप्ते एकदमच थांबले. इथे पहिला प्रश्न परत आठवा. दहा लाखांचा गट सुरक्षित असतो तो केव्हा? एकाचं जाणं दुसऱ्याच्या जाण्याशी बांधलेलं नसेल तेव्हा. आंध्रात लाखो कर्जदार होते, वर्गमुळाचं गणितही बरोबर होतं, पण एकाच कारणाने सगळ्यांनी एकाच महिन्यात फेडणं थांबवलं. तिथे लाख माणसं एकाच माणसासारखी वागली. नोटबंदीनंतर आपल्या विदर्भातही हेच दिसलं, आधी रोकड नाही म्हणून आणि मग कर्जमाफी होणार अशा हवेने. पाच जणींच्या गटाचंही असंच आहे. एकीचं बाळंतपण असलं तर चौघी सांभाळून घेतात. पण गारपीट झाली तर पाचही जणींचं शेत एकाच शिवारात असतं.

आंध्रच्या प्रकरणानंतर रिझर्व्ह बँकेने वाय. एच. मालेगाम यांची समिती नेमली आणि 2011 मध्ये 26 टक्क्यांची मर्यादा आली. पुढे तिचं रूप बदलत गेलं आणि एप्रिल 2022 पासून ती काढून टाकली. आता वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज ते मायक्रोफायनान्स. कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. दर मात्र कंपनीने स्वतःच्या धोरणानुसार ठरवायचा, फक्त तो अवाजवी नको. ऑक्टोबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने चार वित्त कंपन्यांना नवी कर्जं द्यायला मनाई केली, त्यात दर अवाजवी हा एक ठपका होता. म्हणजे मर्यादा गेली तरी छडी कोपऱ्यात ठेवलेली आहे.

मी कंपन्यांची वकिली करतोय असं वाटायला लागलं असेल, तर एक प्रश्न राहिलाय. तो मी पेपरात देत नाही, तोंडी विचारतो.

त्या विद्यार्थिनीच्या आईने पहिलं कर्ज फेडलं आणि दुसरं घेतलं, 80,000 चं. फील्ड ऑफिसर तोच, सभा तीच, कार्ड नवं. तिच्यामागचा खर्च अजून 1,400 च, उलट घरभेट आणि चौकशी आता कमीच लागते. पण सरासरी शिल्लक दुप्पट, 44,700. म्हणजे खर्चाचा वाटा सव्वासहावरून तीन टक्क्यांवर आला. 24 हप्ते वेळेत भरून तिने आपण बुडवणाऱ्यांतल्या नाही हेही दाखवलं. आपल्याच हिशोबाने दर निदान तीन टक्क्यांनी खाली यायला हवा.

मुलीने नवं कार्ड आणलं होतं. दर: 23 टक्के.

ते तीन टक्के, म्हणजे वर्षाला 1,300-1,400 रुपये, कुठे गेले? एक उत्तर असं की ते नव्या, पहिलटकर बायकांच्या 20-25 हजारांच्या कर्जांना गेले, कारण तिथे 23 टक्क्यांतही खर्च निघत नाही. दर सगळ्यांना एकच ठेवला की मोठी कर्जवाली छोटीचा भार उचलते. तो गटच झाला, फक्त जोखमीचा नाही, खर्चाचा. दुसरं उत्तर असं की ते नफ्यात गेले. कुठलं खरं, हे कंपनीच्या वार्षिक अहवालात सरासरी कर्ज किती, खर्चाचं प्रमाण किती आणि कर्जांवरचा उतारा, म्हणजे शंभर रुपयांमागे मिळालेलं व्याज, किती हे तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी मांडून बघितलं की कळतं. कर्जं मोठी होत गेली, खर्चाचं प्रमाण उतरत गेलं आणि उतारा मात्र जागचा हलला नाही, तर उत्तर दुसरं.

मुलीने तोंडी परीक्षेत तिसरंच सांगितलं. "सर, आईने दर कमी करा म्हणून विचारलंच नाही. दुसरी कंपनी गावात येते, पण तिची सभा मंगळवारी असते आणि मंगळवारी आईचा बाजार असतो."

मी तिला पूर्ण मार्क दिले.